बुधवारची गाडी, आजींची हरकत आणि काकूंचा डबा

प्रश्न : मी रत्नागिरीची. इंटर्नशिपसाठी महिनाभर सोलापुरात एका लिंगायत कुटुंबात राहिले. राहणं-जेवण धरून महिन्याचे ९,००० ठरले होते, निम्मे आधीच दिलेत. आता दोन दिवस जास्त राहून ३ तारखेला, बुधवारी सकाळच्या एसटीने निघायचंय. पैशांचा विषय काढला की काकू "राहू दे गं, घरचीच आहेस" म्हणतात. आजी म्हणतात, बुधवारी जायचं नाही. आई गावाहून सुके मासे पाठवते म्हणतेय. काय द्यावं, किती द्यावं आणि निघताना नक्की काय करावं?

उत्तर :

सगळ्यात आधी आईला फोन करा आणि मासे थांबवा. लिंगायत घर शाकाहारी असतं. बंद पाकिटातले असले तरी सुक्या बोंबलांचा वास त्या घरातून आठवडाभर जात नाही. काकू तोंडावर काही बोलणार नाहीत, पण तुमची बस सुटायच्या आत ती पिशवी अंगणाबाहेर गेलेली असेल. त्याऐवजी काय मागवायचं ते पुढे सांगते. आधी पैशांचं बघू, कारण निरोप बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

"राहू दे गं" हा सौजन्याचा भाग आहे, त्याला सूट समजू नका. दर ठरला होता आणि त्यांनी महिनाभर त्या हिशेबाने किराणा भरला आहे. पण हे पैसे निघायच्या दिवशी द्यायचे नाहीत. बुधवारी सकाळी एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात नोटा असं झालं की दोन्हींची किंमत जाते. काकू "नको नको" म्हणत हात मागे घेतात, तुम्ही पाकीट टेबलावर ठेवता, त्या ते तुमच्या पिशवीत परत कोंबतात आणि एसटी स्टँडवर पोचल्यावर तुम्हाला ते पाकीट सापडतं. मग ते परत कसं पाठवायचं हा वेगळाच घोळ. म्हणून हिशेब रविवारी मिटवा, आणि ज्यांच्याशी दर ठरला होता त्यांच्याशीच. बहुतेक घरांत ते काका असतात. आजींच्या हातात तर पैसे मुळीच देऊ नका. त्यांच्या दृष्टीने तुम्ही पाहुणी आहात, आणि पाहुणीकडून पैसे घेतले हे त्यांना कळलेलंही नसण्याची शक्यता असते.

तुमचा हिशेब असा बसतो. १ तारखेला आलात आणि पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला सकाळी निघताय, म्हणजे बत्तीस रात्री. तीस दिवसांचे ९,०००, म्हणजे रोजचे ३००. वरच्या दोन दिवसांचे ६००. एकूण ९,६००, त्यातले ४,५०० दिलेत, राहिले ५,१००. मध्ये दोन-तीन दिवस कुठे फिरायला गेला असाल आणि घरी जेवला नसाल, तर ते दिवस वजा करू नका. तुमची खोली तुमच्यासाठीच अडकलेली होती आणि कणीक तुमच्या नावाची मळून झालेली होती. याउलट आई किंवा बाबा एखादी रात्र येऊन राहिले असतील, तर त्याचे ३०० यात मिळवायला जाऊ नका. ते काकूंना लागेल. त्याची भरपाई भेटीतून होते.

रविवारी संध्याकाळी काका एकटे बसलेले असताना म्हणायचं, "काका, वरचे दोन दिवस धरून ५,१०० राहिलेत, ते पाठवते, एकदा बघून घ्या." विचारायचं नाही, सांगायचं. "किती देऊ?" असं विचारलंत की त्यांना नाही म्हणण्यावाचून दुसरं उत्तर उरत नाही. हे पैसे यूपीआयने पाठवा, नोंद राहते आणि हातात घेण्याचा संकोच टळतो. शगुनाचा रुपया इथे लावू नका. ५,१०१ पाठवलेत तर व्यवहाराला आहेराचा रंग येतो, आणि उरलेली भेट देताना मग "अगं, दिलंस की" ऐकावं लागतं. महिन्याभरात काही फुटलं-तुटलं असेल, समजा खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर किंवा काचेचा जग, तर तेही याच वेळी सांगून टाका आणि वस्तू आणून द्या. मोडलेली वस्तू भरून देणं हा हिशेब आहे, ती भेट म्हणून कागदात गुंडाळू नये.

आता बुधवार. आजींची हरकत मनची नाही. "जाशील बुधी तर येशील कधी" ही म्हण जुन्या बायकांच्या तोंडी असते. माहेरवाशीण बुधवारी सासरी गेली की तिचं परत येणं लांबतं, असा समज. म्हणजे आजी तुम्हाला पाहुण्यांत धरत नाहीत, लेकींत धरतात. तेव्हा "मी असलं काही मानत नाही" हे वाक्य इथे काढू नका, आणि तिकीट रद्द करण्याचीही गरज नाही. यावर जुनाच तोडगा आहे, प्रस्थान ठेवणं. ज्या दिवशी निघायला नको असतं त्याच्या आदल्या दिवशी, चांगल्या वेळी, प्रवासातली एखादी वस्तू उंबऱ्याबाहेर काढून शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. तुम्ही मंगळवारी दुपारनंतर एक छोटी पिशवी घ्या, त्यात एक कपड्यांचा जोड, सुपारी आणि रुपया किंवा घरात जे ठेवतात ते ठेवा, आणि आजींच्याच सांगण्यावरून समोरच्या घरी देऊन या. पिशवी रिकामी नको आणि ती नंतर परत घरात आणायची नाही. बुधवारी जाताना शेजारच्या दारातूनच उचलायची. आजींना स्वतः विचारा, "आजी, मंगळवारी प्रस्थान ठेवलं तर चालेल का?" बहुतेक घरांत एवढ्यावर हरकत मिटते. आणि हे विचारणारी मुलगी रत्नागिरीची असली तर आजी ते चार घरी सांगतील, ते वेगळं.

मंगळवारचं दुसरं काम म्हणजे खोली. इथे दोन रिवाजांची कात्री आहे. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत, आणि दिवेलागणीनंतरही काढत नाहीत. म्हणून मंगळवारी रात्री झाडू मारत बसलात तर आजींच्या कपाळाला आठ्या, आणि तशीच सोडून गेलात तर तुमची खोली काकूंना दुपारपर्यंत तशीच ठेवावी लागते. मंगळवारी चार-पाच वाजताच केर काढून मोकळं व्हा. भिंतीवर चिकटवलेले कागद, टेप, खिडकीतली औषधांची पाकिटं, कपाटातले हँगर बघून घ्या. चादर-अभ्रे बुधवारी उठल्यावर काढून धुण्याच्या बादलीपाशी घडी घालून ठेवा, गादीवर तसेच पसरून नको. नको असलेले कपडे, अर्धी शाम्पूची बाटली "कुणीतरी वापरेल" म्हणून ठेवून जाऊ नका. दुसऱ्याच्या घरात राहिलेलं सामान टाकायलाही परवानगी मागावी लागते, आणि ते फोन करून विचारतील. किल्ली खुंटीला अडकवू नका, हातात द्या.

धुण्या-भांड्याला मावशी येत असतील तर त्यांना काही द्यायचं असतंच, पण आधी काकूंना विचारून. तुम्ही एकदम ५०० दिलेत तर पुढच्या पाहुण्याकडून तेवढीच अपेक्षा राहते आणि काकूंना अवघड होतं. दोनशे-तीनशे पुष्कळ झाले.

भेटीचं आता. सगळ्या घराला मिळून हजार ते पंधराशेच्या वर जाऊ नका. काटकसर म्हणून नव्हे. ज्या घरात आहेराची परतफेड काटेकोर पाळतात तिथे तुम्ही तीन हजारांची साडी दिलीत की त्यांना तुमच्या लग्नाला तेवढंच करावं लागतं, आणि ते मनात धरून ठेवलं जातं. आणि सोलापुरात राहून भेट म्हणून सोलापुरी चादर विकत घेऊन देणारे दरवर्षी निघतात. त्या घरातल्या कपाटात दहा असतात, त्यातली एक तुम्हालाच मिळणार आहे. तुमच्याकडे जे आहे आणि त्यांच्याकडे नाही, ते द्या. आईला सांगा, मासे नको, आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ पाठव. पार्सल सोमवारपर्यंत हातात पडायला हवं, म्हणजे चार-पाच दिवस आधी निघालं पाहिजे.

आगळाच्या बाबतीत एक चूक हमखास होते. सोलापूरच्या स्वयंपाकघरात आंबटाला चिंच असते. आगळ बघून काकूंना ते सरबत वाटतं, त्या ग्लासभर पाण्यात ओततात आणि पहिल्याच घोटाला खारट लागतं, कारण आगळात मीठ घातलेलं असतं. बाटली मग फ्रीजच्या दारात वर्षभर उभी राहते. बाटलीला चिठ्ठी चिकटवा : एका नारळाच्या दुधाला तीन-चार मोठे चमचे आगळ, हिरवी मिरची, लसूण, वरून मीठ घालण्याआधी चव बघणे. त्याहून बरं म्हणजे सोमवारी रात्री स्वतः सोलकढी करून वाढा. खातील किंवा खाणार नाहीत, पण बाटली कशासाठी आहे हे कळेल. सरबतच द्यायचं असेल तर गोड अमृत कोकम वेगळं मागवा.

आजींना खाऊपेक्षा वापरातली वस्तू रुचते, पण ती त्यांच्या कमतरतेवर बोट ठेवणारी नको. काठी, ऐकायचं यंत्र असलं काही नाही. सुती पातळ किंवा अंगावर घ्यायची मऊ शाल चालते. लिंगायत घरात पूजेला विभूती लागते, पण ती तुम्ही आणून देण्याच्या भानगडीत पडू नका, ती कुठली घ्यायची हे ज्याच्या-त्याच्या घरात ठरलेलं असतं. शाळकरी मूल असेल तर कंपासपेटी, गोष्टीची पुस्तकं किंवा पाकिटात १०१. रुपयाचं नाणं इथे लागतं. चाकू-कात्री, काळं कापड आणि रिकामी भांडी टाळा. भेट मंगळवारी रात्री जेवणानंतर द्या, सकाळच्या गडबडीत नको.

तुम्ही देणार त्यापेक्षा तुम्हाला मिळणारच जास्त, आणि ते घेता यायला हवं. तुमचं लग्न झालेलं नसेल तर ओटी भरणार नाहीत. हळदीकुंकू लावून नारळ आणि ड्रेसचं कापड किंवा खण हातात देतील. आधी एकदाच "कशाला हो काकू" म्हणायचं, दुसऱ्यांदा नाही. मग ओढणी पुढे करून दोन्ही हातांनी घ्यायचं आणि वाकून नमस्कार करायचा. लग्न झालेल्या असाल तर ओटीत तांदूळ किंवा गहू, खण, नारळ, सुपारी, हळकुंड असं पडेल. ते पदरात घ्यायचं आणि त्यातले चार दाणे परत त्यांच्या ताटात टाकायचे. आजी कपाळाला विभूती लावतील, ती एसटीत बसेपर्यंत तरी पुसू नका. (तुमच्या जागी मुलगा असता तर टॉवेल-टोपी आणि नारळ, आणि तो टॉवेल इथलाच टर्किश. डोक्यावर टोपी घालून घ्यायची, हातात धरून उभं राहायचं नाही.)

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तर बांधून ठेवलेलीच असेल. यातल्या अर्ध्या गोष्टी रत्नागिरीला पोचेपर्यंत वाया जातात, म्हणून बांधणी नीट बघून घ्या. ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळलेली असते. तिच्यात पाणी नसतं म्हणून ती महिनाभर टिकते आणि म्हणूनच ती लगेच मोडते. पिशवीत कपड्यांच्या खाली गेली की चुरा. तिच्याच आकाराची दोन ताटं घ्या, मध्ये भाकऱ्यांची चळत, वरून फडक्याने घट्ट गाठ, आणि ही गाठोडी मांडीवर, डिकीत नाही. दुसरा धोका कोकणातच आहे. जुलैच्या दमट हवेत उघडी राहिली तर एका रात्रीत चामट होते. घरी गेल्यावर लगेच हवाबंद डब्यात, आणि चामट झालीच तर तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं. शेंगाचटणीला प्रवासात तेल सुटतं, ते खराब झाल्याचं लक्षण नाही, शेंगदाणे चांगले कुटल्याचं आहे. पण ते तेल डब्याच्या झाकणातून कपड्यांवर उतरतं. डब्याचं तोंड प्लॅस्टिकने बांधून मग झाकण लावा आणि डबा उभा ठेवा. घरी काढताना कोरडा चमचा, ओला चमचा गेला की चार दिवसांत बुरशी.

बुधवारची सकाळ. गाडीच्या वेळेच्या तासभर आधी तयार राहा, कारण चहा दोनदा होणार आणि काहीतरी खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. आधी देवापुढे, मग आजी, काका, काकू. आजी अंथरुणावर पडलेल्या असतील तर त्यांना नमस्कार करू नका, झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. त्यांना उठून बसू द्या, अंगावरचं सारखं करू द्या, मग वाका. घाई असेल म्हणून पडल्या पडल्या पायाला हात लावून निघालात, तर त्यांच्या मनाला ते दिवसभर लागून राहतं. काकू तळहातावर दही घालतील. ते उजव्या हातावर घ्यायचं, चाटून संपवायचं आणि त्यानंतर "पाणी द्या हं जरा, अजून एक बॅग राहिली" करत परत आत शिरायचं नाही. म्हणून चार्जर, आधार कार्ड, तिकीट दह्याच्या आधी बघा. काही राहिलंच तर निमूट आत जा, दोन मिनिटं बसा, घोटभर पाणी प्या आणि पुन्हा निघा.

बोलायचं काय? "आभारी आहे", "थँक्यू" हे शब्द इथे परके वाटतात. काकूंना ते पावती फाडल्यासारखं ऐकू येतं. एखादी खरी गोष्ट नावानिशी सांगा, म्हणजे उशीर झाला की तुम्ही ताट झाकून ठेवायचात, ते तिकडे कोण करणार, असं काहीतरी, जे फक्त त्याच घराचं आहे. एक वाक्य पुरे, दुसरं वाक्य म्हटलंत की रडायला येतं आणि गाडी चुकते. आणि "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण सोलापुरात ते तिन्ही भाषांत तसंच आहे. कानडीत "होगी बर्तीनी", तेलुगूत "वेळ्ळि वस्तानु", दोन्हींचा अर्थ जाऊन येते. आजी घरात कानडी बोलत असतील तर त्यांना "होगी बर्तीनी, अज्जी" म्हणा. त्या "होगी बा" म्हणतील, जाऊन ये. तुमचा उच्चार चुकला तरी चालेल, फक्त तो आधी पाठ करून कुणाला ऐकवू नका.

आजी रडल्या तर समजूत घालू नका. "रडू नका" म्हटल्याने कुणी थांबत नाही. हात धरून थोडं उभं राहा आणि काकांना रिक्षा बघायला सांगा. दारात रिक्षा उभी राहिली की निरोप आपोआप आटोपतो.

यायचं वचन देताना जपून. "मी दर महिन्याला येईन" हे त्या खरं धरतात. त्यापेक्षा पाळता येईल एवढंच बोला. पोचल्यावर फोन करेन, हे म्हणा आणि त्याच रात्री करा, मेसेज नाही. काकूंशी बोलून झाल्यावर आजींना फोन मागा. त्यांना तुमच्या शब्दांपेक्षा आवाज हवा असतो. त्यांना कोकणात बोलवायचं असेल तर "या कधीतरी" हे बोलावणं नव्हे, महिना सांगा. गणपतीचा मोह होईल, पण तेव्हा तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते आणि पाहुण्यांकडे कुणाचं लक्ष राहत नाही. दिवाळीनंतरचा एखादा आठवडा सांगा, पाऊस गेलेला असतो, रस्ते बरे असतात आणि शाळेला सुट्टी असते.

राहिला डबा. चटणीचा तो स्टीलचा डबा नीट बघा, तळाला किंवा काठावर काकूंचं नाव कोरलेलं सापडेल, बहुधा त्यांच्या लग्नातला. म्हणजे तो परत करायचा आहे, त्या "राहू दे तुला" म्हणाल्या असल्या तरी. चटणी संपली की स्वच्छ धुवा, लसणाचा वास जायला दोन दिवस उन्हात उघडा ठेवा, पावसाळा असेल तर आत थोडं बेसन चोळून पुन्हा धुवा. आणि तो रिकामा परत जात नाही. दुसरं काही नसेल तर मूठभर साखर, तुमच्याकडे काजूगर असतील तर पावशेर काजूगर. कुरिअरने पाठवताना झाकणाला चिकटपट्टी लावा, नाव कोरलेली बाजू कागदाने झाका, नाहीतर घासून अक्षर जातं. सोबत आजींबरोबर काढलेल्या फोटोची एक छापील प्रत ठेवा, पोस्टकार्डाएवढी, देव्हाऱ्याच्या शेजारी कपाटाच्या काचेत खोचता येईल अशी. डबा निघाला की काकूंना कळवा, म्हणजे दुपारी दाराशी कुणीतरी असेल.